टाकी दुप्पट मोठी केली की पाणी किती पट?

“टाकीची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केली की पाणी दुप्पट मावतं आणि रंगही दुप्पट लागतो.”

हे चूक आहे. पाणी आठपट मावतं, रंग चौपट लागतो.

1 मीटर बाजूचा घन घ्या. त्यात 1000 लिटर पाणी मावतं. 2 मीटर बाजूचा घन रचायला असे ठोकळे खाली चार आणि त्यांच्यावर चार लागतात, म्हणजे 8000 लिटर. आता यातला एक ठोकळा नीट पाहा. तो कोपऱ्यात बसलाय, त्याच्या सहापैकी तीनच बाजू बाहेर दिसतात, उरलेल्या तीन शेजाऱ्यांना चिकटून आत दडल्या. म्हणून रंगवायला 48 नव्हे, 24 चौरस मीटरच उरतात. आधी 6 होते.

लांबी k पट झाली की क्षेत्रफळ k² पट आणि घनफळ k³ पट होतं. गोल किंवा नळकांडं असलं तरी हेच, फक्त सगळी मापं एकाच पटीत वाढायला हवीत. नुसती उंची दुप्पट केली, तर पाणी खरोखर दुप्पटच मावेल.

आणि खरंच 2000 लिटरची घनाकृती टाकी हवी असेल, तर बाजू सुमारे 1.26 मीटर पुरते, कारण 1.26 × 1.26 × 1.26 जवळजवळ 2 येतं.