बाउंड्री लेयर लावूनही मोटर का करकरते?

वाचकाची प्रतिक्रिया: “sgn काढून sat बसवलात की तो साधा हाय-गेन पीडीच झाला. मग स्लायडिंग मोडचा एवढा डांगोरा कशाला? शिवाय आमच्या भोसरीच्या बेंचवर φ लावूनही मोटर करकरतेच. एन्कोडर २००० काउंटचा, लूप १ मिलिसेकंदाचा.”

नमस्कार. चूक e आणि तिचा बदलाचा वेग ė मिळून s बनतो, आणि λ हे त्यातलं e चं वजन. sgn फक्त s चं चिन्ह पाहून पूर्ण जोर K लावतो; sat मात्र s शून्यापासून φ च्या आत, म्हणजे थरात, असताना तो जोर s च्या प्रमाणात कमी करतो. थराच्या आत तो पीडीच असतो, याबद्दल वाद नाही. फरक आहे तो गेन कुठून येतात यात. इथे K हा बाहेरून बसणाऱ्या धक्क्याच्या कमाल मर्यादेपेक्षा मोठा घेतलेला असतो. त्यामुळे बाहेरची स्थिती ठरावीक वेळात थरात येते आणि स्थिरावल्यावर चूक φ/λ च्या आत राहते. शून्य चुकीची हमी मात्र जाते. (तीही कागदावरचीच होती म्हणा, कारण तिथे अमर्याद वेगाने स्विच करणारा अॅक्चुएटर गृहीत धरलेला असतो.)

आता करकर. एन्कोडर आणि लूप तुमचेच धरतो, बाकी आकडे माझे: s = ė + λe, λ = १०, K = ५०, φ = ०.१. एक काउंट म्हणजे ०.००३१४ रेडियन. तो १ मिलिसेकंदाने भागला की वेग ३.१४ रेडियन प्रतिसेकंदाच्या पायऱ्यांनी उड्या मारतो. मोटर जवळजवळ थांबलेली असतानाही एखादा काउंट इकडेतिकडे झाला की s थेट थराबाहेर. म्हणजे sat लिहिलंय, पण चालतंय sgn च!

यावर आपण सगळेच वेगाला फिल्टर लावतो. १० मिलिसेकंदांची सरासरी घेतली तर पायरी ०.३१४ वर येते, पण सुमारे ५ मिलिसेकंदांचा उशीर गळ्यात पडतो. थरात लूपचा गेन K/φ, म्हणजे ५००. एवढ्या गेनला उशीर साधारण π/(2·500), म्हणजे ३.१ मिलिसेकंदच झेपतो. त्यापुढे दोलनं सुरू होतात आणि कानाला ती चॅटरिंगसारखीच वाटतात.

φ = ०.५ करून पाहा. पायरी थरात मावते, गेन १०० वर येतो आणि उशिराची मर्यादा १५.७ मिलिसेकंदांवर जाते. ड्राइव्हचा स्वतःचा उशीर याच हिशोबातून वजा करायचा. किंमत अचूकतेत मोजावी लागते. २० रेडियन प्रतिसेकंदवर्ग एवढा कायमचा धक्का असेल तर चूक 20·φ/(K·λ), म्हणजे ०.०२ रेडियन, साधारण १.१५ अंश. φ = ०.१ ला हीच चूक पाव अंशाहून कमी निघाली असती, पण तिथे मोटर गप्प बसत नाही.

एवढी चूक चालणार नसेल, तर आधी एन्कोडर बदला. ते बजेटमध्ये बसत नसेल तर s मध्ये चुकीचा इंटिग्रल मिळवा, पण |s| < φ असतानाच तो साठू द्या. नाहीतर लांबच्या हालचालीत तो फुगून बसतो आणि शाफ्ट लक्ष्याच्या पुढे निघून जातो.