पीपीएफचं व्याज कुणी खात नाही, ते तारखांत अडकतं

"पीपीएफचं पासबुक उघडून बघा! वर्षभर व्याजाची एक ओळ नाही, ३१ मार्चला एकदाच टाकतात, म्हणजे अकरा महिन्यांचं व्याज सरकारच्या खिशात. मी दरमहा १२,००० भरले, वर्षाचे १,४४,००० झाले, ७.१ टक्क्यांनी १०,२२४ व्याज हवं, आलं फक्त ४,६८६. पाच वर्षं झाली की शिलकीतले निम्मे काढायचा हक्क आहे, तरी क्लार्क परत पाठवतो. आणि पंधरा वर्षांनी पैसे उचलले नाहीत तर व्याज बंद. सगळ्या ग्रुपवर टाका."

सांगलीच्या मार्केट यार्डात हा मेसेज सध्या प्रत्येकाच्या फोनवर आहे. हळदीच्या एका अडतीवरचे दिवाणजी पासबुक घेऊनच माझ्याकडे आले, कारण मेसेजातला आकडा त्यांच्या पासबुकातल्या आकड्याशी रुपयाला रुपया जुळत होता. जुळणारच. दोघांच्या भरण्याची सवय एकच असणार, आणि ती कोणती हे त्या ४,६८६ वरूनच सांगता येतं. मुद्दे मेसेजच्याच क्रमाने घेतो.

वर्षभर व्याजाची ओळ नसते, हे खरं आहे. पण ओळ छापणं वेगळं आणि व्याज मोजणं वेगळं. पीपीएफचं व्याज दर महिन्याला मोजलं जातं आणि बारा महिन्यांची बेरीज ३१ मार्चला एकदम जमा होते. महिन्याचं व्याज मोजताना ५ तारखेचा व्यवहार संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात सगळ्यांत कमी शिल्लक किती होती, ते बघतात. ५ तारखेपर्यंत भरलेला रुपया त्या महिन्याचं व्याज मिळवतो. ६ तारखेला भरलेला रुपया त्या महिन्यापुरता बसून राहतो, पुढच्या महिन्यापासून कामाला लागतो. मार्चअखेर जमा झालेलं व्याज १ एप्रिलपासून मुद्दलासारखंच धरलं जातं, त्यावर पुन्हा व्याज चढतं. वर्षाच्या आत मात्र व्याजावर व्याज नाही. अकरा महिने कुठेही जात नाहीत.

मग १०,२२४ का नाही आले? १,४४,००० ही रक्कम १ एप्रिलला खात्यात होतीच कुठे? ती बारा हप्त्यांनी आली. एप्रिलचा हप्ता वर्षभर राबला, तर मार्चचा हप्ता फार तर एक महिना. दिवाणजींचं खातं १० एप्रिल २०२१ ला उघडलेलं. त्यांचा पगार ७ तारखेला होतो, म्हणून दर हप्त्यापुढे पासबुकात १० तारीख. पहिल्या हप्त्याला मेपासून मार्चपर्यंत ११ महिन्यांचं व्याज, दुसऱ्याला १० महिन्यांचं, असं उतरत मार्चच्या हप्त्याला शून्य. ११ पासून ० पर्यंतची बेरीज ६६. बारा हजारांवर महिन्याचं व्याज ७१ रुपये. ६६ गुणिले ७१ म्हणजे ४,६८६. खिसा कुणी कापला नाही.

हेच बारा हप्ते ५ तारखेच्या आत पडले असते, तर महिन्यांची बेरीज ७८ झाली असती आणि व्याज ५,५३८. फरक ८५२ रुपयांचा. पहिल्याच वर्षाच्या पासबुकात व्याजाचा आकडा ४,६८६ दिसला, तर भरणा दर महिन्याला ५ नंतर होतोय, एवढं तारखांचा रकाना न बघताही कळतं.

पासबुकातली तारीख आणि आपल्या डोक्यातली तारीख पुष्कळदा वेगळ्या असतात. चेकने भरलं असेल तर चेक वठल्याची तारीख धरतात, तुम्ही तो काउंटरवर दिल्याची नव्हे. ४ तारखेला दिलेला चेक ७ ला वठला तर तो महिना गेला. दुकानातल्या पोराच्या हाती ३ तारखेला रोख दिली आणि त्याने ८ ला भरली, तरी तेच. म्हणून पासबुक छापून आणलं की आधी तारखांच्या रकान्यावरून बोट फिरवावं, शिलकीचा रकाना नंतर.

दिवाणजींनी लगेच विचारलं, "मग १० चा हप्ता पुढच्या ५ ला भरला तर?" व्याजात काहीच फरक पडत नाही. १० एप्रिलला भरा नाहीतर ५ मेला, त्या पैशाचं व्याज मेपासूनच सुरू होतं. मधले पंचवीस दिवस पैसे बचत खात्यात ठेवले तर तिथलं थोडं व्याज मात्र मिळेल. ८५२ रुपये खरोखर मिळवायचे तर एक हप्ता आगाऊ हवा, म्हणजे मार्चच्या पगारातले बाजूला ठेवून एप्रिलच्या ५ च्या आत भरायचे आणि पुढे ती चाल ठेवायची. आणि १० मार्चचा हप्ता ५ एप्रिलवर ढकलला तर तो पुढच्या आर्थिक वर्षात जातो. करबचतीचा हिशोब करणाऱ्यांनी एवढं विसरू नये.

दुसऱ्या वर्षापासून पडताळणी आणखी सोपी होते. ३१ मार्च २०२२ ला दिवाणजींची शिल्लक १,४८,६८६ होती. तिचे ७.१ टक्के म्हणजे १०,५५७, त्यात त्या वर्षीच्या हप्त्यांचे ४,६८६ मिळवले की १५,२४३. पासबुकात ३१ मार्च २०२३ पुढे हाच आकडा आहे. रुपयाचा फरक दिसला तर तो पैसे पूर्ण रुपयात बसवल्याचा. मोठा फरक दिसला तर आधी एखादा भरणा उशिरा पडलाय का ते बघावं, आणि मगच काउंटरवर विचारावं. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं. एप्रिल २०२० पासून तो ७.१ वर असल्यामुळे दिवाणजींच्या या वर्षांना एकच दर लावता आला. जुन्या पासबुकांना त्या त्या वर्षाचा दर लावावा लागतो.

आता पाच वर्षांचा मुद्दा. माझ्या मते मेसेजातली सगळ्यांत नुकसान करणारी ओळ हीच आहे. माणूस हिच्या भरवशावर लग्नाची नाहीतर ट्रॅक्टरची तारीख धरतो.

पाच वर्षं खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात खातं उघडलं, ते वर्ष संपल्यापासून मोजतात. दिवाणजींचं खातं २०२१-२२ मधलं. ते वर्ष ३१ मार्च २०२२ ला संपलं, त्यापुढे पाच वर्षं म्हणजे ३१ मार्च २०२७. पैसे काढता येतील १ एप्रिल २०२७ पासून. एप्रिल २०२६ मध्ये खात्याला पाच वर्षं झाली म्हणून काउंटरवर गेलं तर परत पाठवणारा क्लार्क नियमानेच वागतोय. गंमत अशी की हेच खातं दोन आठवडे आधी, २०२१ च्या मार्चअखेर उघडलं असतं, तर १ एप्रिल २०२६ लाच पैसे काढता आले असते. एप्रिलच्या सुरुवातीला खातं उघडणाऱ्याला जवळपास पूर्ण वर्ष जास्त थांबावं लागतं, आणि खातं उघडताना हे सांगणारा क्वचित भेटतो. मेसेजवाल्याची तक्रार इथे असती तर मी मान डोलावली असती.

दुसरं, निम्मे कशाचे? आजच्या शिलकीचे नाहीत. काढण्याच्या वर्षाच्या मागच्या चौथ्या वर्षाअखेरची शिल्लक आणि लगतच्या मागच्या वर्षाअखेरची शिल्लक, यांतली जी कमी तिचे निम्मे. दिवाणजी २०२७-२८ मध्ये पैसे काढणार असतील तर मागे मोजत जायचं: २०२६-२७ पहिलं, २०२५-२६ दुसरं, २०२४-२५ तिसरं, २०२३-२४ चौथं. म्हणजे ३१ मार्च २०२४ ची ओळ. तिथे शिल्लक आहे ४,७८,४७८. निम्मे २,३९,२३९. भरणा चालू असल्यामुळे मार्च २०२७ ची शिल्लक यापेक्षा मोठीच असणार, तेव्हा मर्यादा हीच. तीन वर्षांनी काढायची रक्कम पासबुकात आधीच छापलेली असते, ती ओळ ओळखता यायला हवी. आणि असं काढणं वर्षातून एकदाच.

तोवर अडचण आली तर खात्यावर कर्ज मिळतं, मेसेजात त्याचा पत्ताच नाही. खातं उघडल्याचं आर्थिक वर्ष संपून एक वर्ष झालं की कर्जाचं दार उघडतं आणि वर सांगितलेली पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत उघडं राहतं. मर्यादा मागच्या दुसऱ्या वर्षाअखेरच्या शिलकीच्या २५ टक्के. दिवाणजींना २०२६-२७ मध्ये कर्ज हवं असेल तर ३१ मार्च २०२५ ची ओळ बघायची: ६,६१,१३६. चौथा हिस्सा १,६५,२८४. व्याज वर्षाला एक टक्का, फेड ३६ महिन्यांत. मुदत चुकली तर तो एक टक्का सहावर जातो. ट्रॅक्टरच्या डाउन पेमेंटला एवढं पुष्कळदा पुरतं.

मोठं आजारपण किंवा उच्च शिक्षण अशा ठरावीक कारणांसाठी खातं मुदतीआधी बंदही करता येतं, पण तेही त्याच पाच वर्षांनंतर, आणि सुरुवातीपासूनचं व्याज एक टक्का कमी धरून.

राहता राहिली पंधरा वर्षं. मोजणी इथेही तशीच, त्यामुळे दिवाणजींच्या खात्याची मुदत ३१ मार्च २०३७ ला संपते. त्यानंतर पैसे उचलले नाहीत तरी शिलकीवर चालू दराने व्याज मिळत राहतं आणि वर्षातून एकदा हवे तेवढे काढता येतात. पुढे भरणाही चालू ठेवायचा असेल तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत फॉर्म ४ भरून पाच वर्षांची वाढ घ्यावी लागते. फॉर्म न भरताच कुणी हप्ते भरत राहिला, तर त्या नव्या हप्त्यांवर व्याज मिळत नाही. "व्याज बंद" ही ओळ बहुधा अशाच कुणाच्या तरी पासबुकातून मेसेजात शिरली असावी.