इन्फो बटण नेमकी कोणाची खबर देतं?

"टीव्हीच्या रिमोटवरचं इन्फो बटण दाबा. 3840x2160 दिसलं तर चॅनल फोर-केमध्ये येतोय. Dolby दिसलं तर आवाज फाइव्ह पॉइंट वन. सिग्नल 90 टक्के असूनही चित्र फुटत असेल तर दोष टीव्हीचा. केबलवाल्याशी भांडण्याआधी एवढं बघा!"

असा सल्ला तुमच्याही कानावर आला असेल, तर बटण जरूर दाबा. पण सेट-टॉप बॉक्स लावलेला असेल, तर टीव्हीला चॅनल दिसतच नाही. एचडीएमआयच्या वायरीतून बॉक्स जे पाठवतो, तेवढंच त्याला कळतं. बॉक्स 1080 वर ठेवला असेल, तर एसडी चॅनलचं 720x576 चं चित्रही तो ताणून 1920x1080 करतो आणि टीव्ही इमानेइतबारे तोच आकडा दाखवतो. फोर-के बॉक्सचंही तेच. टीव्हीला थेट अँटेना जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथला आकडा प्रक्षेपणाचाच.

आमच्याकडे एसडी बातम्या आणि एचडी क्रिकेट, दोन्हीकडे 1920x1080 दिसत होतं. बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं मात्र कडांना विरघळल्यासारखी. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 'नेटिव्ह' केलं, म्हणजे चित्र न ताणता आहे तसं पुढे पाठवायला लावलं (काही बॉक्सवर नाव वेगळं असतं, काहींत हा पर्यायच नसतो). आता बातम्यांना 576i आणि क्रिकेटला 1080i. शिवाय एकावरून दुसऱ्यावर जाताना पडदा क्षणभर काळा होऊ लागला, कारण टीव्ही दर वेळी नव्या सिग्नलशी जुळवून घेतो. खात्री झाल्यावर मी बॉक्स परत 1080 वर आणला. चॅनल बदलताना दर वेळी अंधार कोण सोसणार!

Dolby Digital हे आवाज बांधून पाठवण्याच्या पद्धतीचं नाव. त्या गाठोड्यात आवाजाचे सहा चॅनल, म्हणजे फाइव्ह पॉइंट वन, असतील किंवा दोनच. उलट बॉक्सने गाठोडं स्वतःच सोडलं तर मूळ आवाज डॉल्बी असूनही टीव्हीवर PCM, म्हणजे गाठोड्याबाहेरचा सुटा आवाज, असं दिसतं. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये PCM निवडलेलं असेल तर हेच होणार. होम थिएटरचा अॅम्प्लिफायर असेल तर किती चॅनल आले ते बहुधा त्याच्या डिस्प्लेवर कळतं.

राहिला सिग्नल. तो बॉक्सच्याच मेनूत बघायचा, आणि तिथे आकडे दोन असतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथमध्ये खरखरही मोजली जाते, म्हणून डिश जराशी हलली किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलं तरी ती कधीकधी भरपूर दिसते. चित्राचे चौकोन होतात ते क्वालिटी घसरल्यावर. शिवाय ती सगळ्या चॅनलना सारखी नसते, त्यामुळे जो चॅनल फुटतोय त्यावरच थांबून आकडा बघा.

टीव्हीवर संशय असेलच, तर चित्र फुटत असताना टीव्हीचा मेनू उघडा. मागे चौकोन नाचतायत आणि मेनूची अक्षरं स्वच्छ आहेत, तर निदान पडदा तरी निर्दोष आहे.