नाव झाकलं, तरी खुणा उरतात

"रेझ्युमेला गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरला ना जात कळते, ना बाई-पुरुष. नाव, फोटो, जन्मतारीख झाकली की प्रश्न मिटला. ते फक्त पात्रता बघतं. एचआरमधल्या माणसापेक्षा कधीही बरं."

असा एक दावा केला जातो. आधी त्यातल्या 'पात्रता' या शब्दाकडे बघू, कारण खरी गफलत तिथे आहे. चांगला उमेदवार कसा असतो, हे सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं. अनेकदा ते कंपनीच्या जुन्या भरतीवरूनच शिकतं. त्या नोंदींत कोणाला बोलावलं आणि कोणाला घेतलं एवढंच असतं. ज्याला दारातूनच परत पाठवलं, त्याने काम कसं केलं असतं याची नोंद कुठेच नसते. समजा, एका कंपनीने दहा वर्षं चारच नामांकित कॉलेजांच्या कॅम्पसवर भरती केली. मग तिथले यशस्वी इंजिनिअर त्या चार कॉलेजांचेच असणार, दुसरं कोणी आत आलंच नव्हतं. सॉफ्टवेअर यातून कॉलेजचं नाव म्हणजेच कौशल्य असा अर्थ काढतं. तालुक्याच्या कॉलेजातून शिकून तेच काम पाच वर्षं केलेली मुलगी मग खाली ढकलली जाते, आणि त्यासाठी तिचं नाव वाचायचीही गरज पडत नाही.

आता झाकण्याबद्दल. अॅमेझॉनने २०१४ पासून असं एक साधन बनवायला घेतलं होतं. उमेदवाराला एक ते पाच तारे द्यायचे, आणि शिकायचं ते आधीच्या दहा वर्षांत आलेल्या रेझ्युमेंवरून. ते अर्ज बहुतांश पुरुषांचे होते. रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिलेल्या बातमीनुसार, 'महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार' अशा ओळीतल्या 'महिला' या शब्दावरून ते गुण कापत होतं. फक्त मुलींच्या दोन कॉलेजांच्या पदवीधरांनाही खाली टाकत होतं. ते शब्द दुरुस्त केले, तरी ते दुसऱ्या वाटेने भेद करणार नाही याची खात्री देता येईना. शेवटी प्रकल्प बंद झाला.

आपल्याकडच्या रेझ्युमेत अशा वाटा किती आहेत ते बघा. जन्मतारीख पुसली, पण 'दहावी, मार्च १९९६' तसंच राहिलं, म्हणजे वय पंचेचाळिशीच्या आसपास हे कळलंच. कन्या शाळा, मुलींचं वसतिगृह, बाळंतपणाच्या सुमाराला नोकरीत पडलेला दोन वर्षांचा खंड, विशिष्ट समाजासाठीची शिष्यवृत्ती, गावाचा पिनकोड. यातली एकेक खूण कच्ची असते. पाच-सहा एकत्र आल्या की झाकलेलं बरंचसं उघडं पडतं. सगळ्याच पुसाव्यात म्हटलं, तर शिक्षण आणि अनुभवच पुसावा लागेल.

माणूस पक्षपाती असतो, हे मात्र शंभर टक्के मान्य. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी आपल्याच देशात ते दाखवलं. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे, पण वेगळ्या नावांचे अर्ज पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याचं गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघालं. पण सॉफ्टवेअर शिकतं ते याच निवडींवरून. शिवाय एका अधिकाऱ्याचा पूर्वग्रह त्याच्या टेबलापुरता असतो. एकच साधन अनेक कंपन्यांनी विकत घेतलं, की उमेदवाराला सगळीकडून तोच नकार येतो, आणि कारण सांगायला समोर कोणी नसतं.

हे पकडता येतं. अमेरिकेत आयट्यूटरग्रुप या ऑनलाइन शिकवणी कंपनीचं सॉफ्टवेअर पंचावन्न आणि त्यापुढच्या बायकांना, साठ आणि त्यापुढच्या पुरुषांना परस्पर नाकारत होतं. एका उमेदवाराने तोच अर्ज जन्मतारीख अलीकडची करून पुन्हा पाठवला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. २०२३ मध्ये कंपनीने ३,६५,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. एचआरला हीच चाचणी स्वतः करता येते: खरा रेझ्युमे घ्या, एकच खूण बदला, गुण बघा. एका जोडीवर निष्कर्ष काढू नका, शंभरेक जोड्या करा. कट-ऑफ सत्तर असेल, तर एकाहत्तर आणि एकोणसत्तर यांतला दोन गुणांचा फरकही माणसाला बाहेर काढतो.

दुसरी तपासणी निकालावर करायची. समजा, २०० पुरुषांतून ६० निवडले, म्हणजे ३० टक्के. १०० बायकांतून १८, म्हणजे १८ टक्के. अठराला तिसाने भागा: ०.६. अमेरिकेत १९७८ पासूनचा ढोबळ संकेत असा, की हे गुणोत्तर ०.८ च्या खाली गेलं तर चौकशी करावी. त्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही, आणि अर्ज थोडे असतील तर आकडा फसवतोही. पण त्यासाठी नाकारलेल्यांच्याही नोंदी जपून ठेवाव्या लागतात.

न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून अशा साधनांची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी सक्तीची केली आहे. त्यात लिंग आणि वंश मोजतात. वय मोजत नाहीत, म्हणजे १९९६ ला दहावी झालेल्याचं काय होतं, ते तिथेही कोणी बघत नाही.