पाणी साधं की बाटली?

टीममधला एकजण नोकरीसाठी परदेशी चालला, निरोपाचं जेवण ठरलं आणि कविता माझ्या गळ्यात पडली. "चार ओळी खरड ना, तुला काय, पाच मिनिटांचं काम!" असं म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी यमक जुळवलेलं नसतं.

अशा वेळी भारी वृत्ताच्या वाटेला जाऊ नये. शार्दूलविक्रीडित घेतलं, तर दुसऱ्याच ओळीला मंडळींना मंगलाष्टकांची चाल आठवते आणि कोणीतरी "सावधान" म्हणून मोकळं होतं. मी अष्टाक्षरी घेतो. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक. अशी चार कडवी पुरतात. पाचव्या कडव्याला माणसं मेन्यूकार्ड उघडतात.

खरा घात ऑफिसचे शब्द करतात. 'लॅपटॉप पासवर्ड' ही कागदावर बरोबर आठ अक्षरं. तोंडात मात्र लॅप-टॉप-पास-वर्ड, चार ठोक्यांत खेळ खलास. 'दोन' हा शब्द ओळ भरायला 'दोऽन' असा ताणता येतो. 'टॉप' ताणला की वाचणाऱ्याची दाढ दुखतेय असं वाटतं. म्हणून ओळ बोटांवर मोजून भागत नाही, मोठ्याने म्हणून बघावी लागते. बाथरूममध्ये दार लावून, म्हणजे घरच्यांना खुलासा द्यावा लागत नाही.

आणि चिमटा काढायचा तो सवयीला. वजन, पगार, व्हिसाच्या खेपा यांना हात लावायचा नाही. आमच्या गड्याची सवय अशी, की "दोन मिनिटांत येतो" म्हणून जागेवरून उठायचा आणि तासाभराने उगवायचा. मोजून पाहिलं तर हे वाक्यच आठ अक्षरांचं! असं घबाड क्वचित मिळतं. शेवटचं कडवं झालं ते असं:

"दोन मिनिटांत येतो"
म्हणता शंका वाटली;
सातासमुद्रांपल्याड
चूल वेगळी थाटली!

चूल मांडतात, थाटतात तो संसार, हे मलाही कळतं. पण 'वाटली'पुढे 'मांडली' कशी बसवणार? आधी 'चूल दुसरी' लिहिलं होतं. मग लक्षात आलं, की जेवणाला त्याची बायकोही येणार आहे. 'दुसरी' खोडून 'वेगळी' केलं. तीनच अक्षरं, पण त्यांवर एक संध्याकाळ गेली. पाच मिनिटांचं काम ना!

पहिली तीन कडवी बरी गेली. चौथ्याची तिसरी ओळ म्हणून मी थांबलो. हे थांबणं फार महत्त्वाचं. 'पल्याड' ऐकून माणसं पुढे झुकतात, आता काय येणार म्हणून, आणि तेवढ्यात 'चूल' आदळायची असते. मी श्वास घेतला. माझ्या उजव्या खांद्यामागे एक वेटर कधीपासून अदबीने उभा होता. बोलणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही, हे त्याला कोणीतरी नीट शिकवलेलं. त्याला वाटलं, संपलं. खणखणीत आवाजात त्याने विचारलं,

"पाणी साधं की बाटली?"

टेबल फुटलं. ज्याला निरोप द्यायचा तो टेबलावर हात आपटत होता, त्याची बायको डोळे पुसत होती. मी मोजलं. पा-णी-सा-धं-की-बा-ट-ली. आठ! 'वाटली'ला 'बाटली', चोख यमक. ज्याला संध्याकाळ लागली नव्हती त्याने माझ्यापेक्षा सरस ओळ टाकली होती. तो बापडा गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिला आणि त्याने तोच प्रश्न, तितक्याच आदबीने, पुन्हा विचारला. पुन्हा हशा. तिघांनी "साधं" म्हटलं, एकाने "वन्स मोअर". तो कोणाला होता, ते मी विचारलं नाही.

चूक माझीच, वेळ चुकली. ऑर्डर देऊन झाल्यावर आणि जेवण येण्याआधी टेबलाभोवती पाणी, काटे-चमचे, "कमी तिखट कोणाचं" अशी वर्दळ चालू असते. ताटं उचलल्यावर आणि बिल मागण्याआधी जो निवांत वेळ मिळतो, तोच कवितेचा. पण तेव्हा निम्मी मंडळी मीटिंगला पळालेली असतात आणि उरलेली पेंगत असतात. त्यांना चूलही ऐकू येत नाही. या दुखण्याला औषध एकच: वाचायला उभं राहण्याआधी वेटरला गाठून "दहा मिनिटं इकडे येऊ नका" असं सांगणं. ते सांगायला कोण जाणार? अर्थात कवीच. बाकीच्यांनी वर्गणी दिलेली असते.

"चूल वेगळी थाटली" मी नंतर म्हटली. दोघांनी मान डोलावली.

काल जाणाऱ्याने कविता मागितली, आठवण म्हणून तिकडे न्यायला. मी सुवाच्य अक्षरात लिहून दिली. त्याने वाचली, उलटून मागची बाजू पाहिली आणि म्हणाला, "छान आहे रे, पण शेवटची ओळ वेगळी होती ना?"