करंगळीला मुंग्या येतात? मानेचा फोटो नंतर काढा, आधी रात्री कोपर कुठे असतं ते बघा

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या की आपल्याकडे एक ठरलेला प्रवास सुरू होतो. मानेचा एक्स-रे, त्यात चाळिशीनंतर अनेकांना दिसते तेवढी झीज, मग गळ्यात पट्टा आणि बी-१२ च्या गोळ्या. महिना जातो, मुंग्या तिथेच. माझं स्पष्ट मत आहे की फक्त याच दोन बोटांची तक्रार असेल तर पहिली चौकशी कोपराची व्हायला हवी, आणि पहिला उपचार रात्रीचा. गोळीच्या आधी.

कोपराच्या आतल्या बाजूला हाताला लागणारं टोकदार हाड आणि कोपराचं मागचं टोक यांच्यामध्ये एक खोबण आहे. तिथे आपटलं की करंट लागल्यासारखं होतं, ते हाडामुळे नव्हे. त्या खोबणीतून अल्नर नावाची नस जाते आणि तिच्यावर तिथे कातडी आणि थोड्या पापुद्र्याखेरीज काहीच संरक्षण नाही. ती पुढे ज्या अरुंद वाटेने हातात उतरते, तिला क्युबिटल टनेल म्हणतात.

या नसेला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, कोपर टेकल्यावर बाहेरून येणारा दाब. दोन, कोपर दुमडणं. हात दुमडला की नस हाडाच्या मागून वळसा घेऊन ताणली जाते आणि त्याच वेळी तिच्यावरचा पट्टा घट्ट होऊन वाट आणखी अरुंद होते. टेबलावर कोपर टेकण्याचा दोष लोकांना लवकर पटतो, पण दुमडून झोपण्याचा पटत नाही, कारण तेव्हा दुखत काहीच नाही. जागेपणी मुंग्या आल्या की आपण हात झटकतो. झोपेत तीच नस तासन्‌तास ताणलेली राहते.

आता हे दुखणं कोपराचंच आहे हे घरी कसं ओळखायचं? कापसाची वात घ्या, डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला तरी अनामिकेच्या दोन्ही कडांवरून ती हलकेच फिरवायला सांगा. करंगळीकडची कड बोथट लागते आणि मधल्या बोटाकडची व्यवस्थित, असं असेल तर नस हाताच्या वाटेवर कुठेतरी दबते आहे, कारण अनामिकेची संवेदना साधारण अर्धी-अर्धी दोन नसांमध्ये वाटलेली असते. मग तळहात पालथा करून करंगळीच्या बाजूचा मागचा भाग तपासा. तोही बोथट असेल तर अडचण मनगटाच्या वर आहे, कारण त्या भागाची फांदी मनगटाच्या अलीकडेच फुटते. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली कड बधिर असेल किंवा मान वळवल्यावर हातात कळ जात असेल, तर मात्र मानेकडे बघायलाच हवं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुंग्या हा मनगटातल्या वेगळ्या नसेचा विषय आहे.

शेवटी कोपर पूर्ण दुमडून, मनगट सरळ ठेवून एक मिनिट थांबा. त्याच दोन बोटांत मुंग्या उठल्या तर संशय बळावतो. उठल्या की हात लगेच सोडा, सहनशक्ती दाखवायची नाही. निरोगी माणसालाही या चाचणीत कधी कधी मुंग्या येतात, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. बेचाळिशीचा हिशेबनीस. दिवसभर डावं कोपर लाकडी टेबलाच्या कडेवर, उजव्या हातात माउस. रात्री जेवण झालं की लोडाला कोपर टेकून आडवा, हातात मोबाईल. झोपतो डाव्या कुशीवर, डावा हात उशीखाली. पहाटे चारला डावी करंगळी बधिर होऊन जाग येते. या माणसाला टेबलासाठी जेलची गादी घ्यायला सांगितली की तो ती खुशीने घेतो, आणि पहाटेची जाग तशीच राहते. उशीखालच्या हाताचं कोपर काटकोनापेक्षा जास्त दुमडलेलं असतं, वर डोक्याचं वजन, आणि हे रोज पाच-सहा तास. टेबल दुय्यम आहे. आधी तो हात उशीखालून काढायचा.

काढायचा म्हणजे ठरवून उपयोग नाही, झोपेत तो परत तिथेच जाणार. त्याला अडवावं लागतं. जाडसर बाथटॉवेल लांबीच्या दिशेने तीन घड्या करून घ्या. कोपर काटकोनाच्या निम्म्याइतकंच वाकवा, म्हणजे साधारण ३० ते ४५ अंश. टॉवेलचा मध्य कोपरावर येईल असा दंडापासून हातापर्यंत गुंडाळा आणि वरून कापडी चिकटपट्टीने किंवा सैल क्रेप बँडेजने दोन ठिकाणी धरा, एकदा कोपराच्या वर आणि एकदा खाली. खुद्द कोपरावर पट्टा नको. खाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पंचा चालत नाही, तो पातळ असतो आणि हात त्याच्यासकट दुमडतो.

हे नेमकं कुठे फसतं? लोक उत्साहाने हात पूर्ण सरळ बांधतात, मग रात्री दोनला कोपर आखडतं आणि सगळं सोडून फेकून देतात. सरळ ठेवण्याची गरजही नाही, नसेवरचा दाब थोड्या वाकलेल्या अवस्थेत कमीच असतो. दुसरी चूक म्हणजे आवळून बांधणं. मग टॉवेलच नसेवर दाब देतो. सकाळी बोटं सुजलेली किंवा मुंग्या वाढलेल्या असतील तर सैल करा. उन्हाळ्यात टॉवेलने घाम येतो, तेव्हा खेळाडूंचं कोपराचं पॅड उलटं घाला: रात्री गादी पुढच्या घडीत, म्हणजे हात वाकणार नाही. दिवसा तेच फिरवून गादी मागे घ्या, टेकताना नस वाचते.

कुशीवर झोपणाऱ्यांनी पोटाशी मोठी उशी घ्यावी आणि वरचा हात तिच्यावर लांब ठेवावा. खालचा हात शरीरापुढे सैल, डोक्याखाली नाही. पालथं झोपून दोन्ही हात डोक्याच्या वर घेणारे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक, त्यांना टॉवेलशिवाय पर्याय नाही.

पहाटेची जाग आधी कमी होते, बहुधा काही आठवड्यांत. दिवसातला बोथटपणा रेंगाळतो, त्याला दोन-तीन महिने द्यायला हरकत नाही. त्यात रोज खोबणीत बोट घालून मुंग्या येतात का बघायचं नाही. ही सवय फार जणांना लागते आणि नस चिडलेलीच राहते.

पण काही बाबतीत टॉवेल बांधून वाट बघणं चूक आहे. बधिरपणा चोवीस तास राहतो, किल्ली फिरवताना चिमटीत जोर नाही, खिशात हात घालताना करंगळी बाहेरच अडकते, किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा खोलगट दिसतो, तर नसेचं नुकसान होत चाललं आहे. थेट हाताच्या सर्जनकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा, नसेची विद्युत तपासणी करून घ्या. वाया गेलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरतोच असं नाही.

आणि आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते. कोपरामागे नस दोरीसारखी जाड लागत असेल, किंवा अंगावर संवेदना नसलेला फिकट वा लालसर चट्टा असेल, तर कुष्ठरोग तपासून घ्या. हा आजार याच नसेला फार वेळा धरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची औषधं मोफत मिळतात.