साडेचार किलोत दोन टन उचलणारा स्क्रू जॅक कुठे मिळतो?

"स्क्रू जॅकचा हिशोब एकदम सोप्पा. पिच ७ मिमी, हँडल ५० सेंमी, म्हणजे २ टन वजन फक्त साडेचार किलो जोरात उचललं जातं. आणि स्क्रू म्हटला की तो लॉकच असतो, लोड कधीच खाली येत नाही, बिनधास्त खाली शिरा. अजून हलका हवा असेल तर टोपीखाली थ्रस्ट बेअरिंग टाका, फुकटचा फायदा. पाचरीचंही तेच, कोन निम्मा केला की जोर निम्मा."

असा एक फॉरवर्ड फिरतोय. आधी त्यातल्या साडेचार किलोचं बघू. गुणाकार बरोबर आहे, भांडण गुणाकाराशी नाहीच. हँडलचं टोक एका फेऱ्यात ३ मीटरच्या वर फिरतं, वजन ७ मिमी चढतं, भागाकार केला की येतं तेवढंच. पण हा हिशोब अशा जॅकचा आहे ज्यात घर्षण शून्य आहे, आणि तसा जॅक तुम्ही हात सोडल्या सोडल्या फिरत खाली येईल. म्हणजे फॉरवर्डचं पहिलं वाक्य खरं धरलं तर दुसरं आपोआप खोटं पडतं, लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच दमात लिहिलीत.

खरा हिशोब असा. चौकोनी आट्याचा ४० मिमीचा स्क्रू घ्या, पिच ७, सिंगल स्टार्ट. आट्याचा सरासरी व्यास ३६.५ मिमी येतो. एक फेरा उलगडून सरळ पसरला की तो एक चढ होतो, लांबी साधारण ११५ मिमी आणि उंची ७, म्हणजे चढाचा कोन ३.५ अंश. आता स्टील आणि नट यांच्यातलं घर्षण ०.१५ धरलं, म्हणजे थोडंफार तेल लागलेला रोजच्या वापरातला जॅक, तर घर्षणाचा कोन ८.५ अंश येतो. वजन चढवताना हे दोन्ही कोन एकमेकांत मिळवायचे. P म्हणजे हँडलच्या टोकाशी लागणारा जोर, W वजन, १८.२५ ही आट्याची सरासरी त्रिज्या आणि ५०० हँडलची लांबी, दोन्ही मिमीत:

```
P = W × tan(3.5° + 8.5°) × 18.25 / 500
```

२००० किलोला हँडलच्या टोकाशी साडेपंधरा किलो आले. साडेचारचे साडेपंधरा झाले आणि अजून काम संपलेलं नाही, कारण वरची टोपी वजनाला चिकटून गप्प बसते आणि स्क्रूचं डोकं तिच्याखाली घासत फिरतं. ते घासणं सरासरी २० मिमी त्रिज्येवर होतंय असं धरलं तर अजून १२ किलो. एकूण साडेसत्तावीस किलो, म्हणजे फॉरवर्डच्या सहापट. ग्रीस नीट भरलं आणि दोन्हीकडचं घर्षण ०.१० वर आलं तर हेच २० किलोच्या आसपास येतं. ज्यांनी खरोखर जॅक मारलाय त्यांना हे आकडे बघून नवल वाटणार नाही, हँडलला पाइप घालून लांबी का वाढवतात ते उगीच नाही.

आता लॉकचं. "स्क्रू म्हणजे लॉक" असा काही नियम नाही. नियम एवढाच की चढाचा कोन घर्षणाच्या कोनापेक्षा लहान पाहिजे. आपल्या जॅकमध्ये ३.५ विरुद्ध ८.५ आहे, ग्रीस लावल्यावर ३.५ विरुद्ध ५.७, दोन्ही वेळा आटा धरून ठेवतो. उतरवताना कोनांची वजाबाकी होते, म्हणून वजन खाली आणायलासुद्धा जोर लागतो, आटा आणि टोपी धरून आपल्या उदाहरणात साधारण १८ किलो. आणि चेक करायला हाच सगळ्यात सोपा रस्ता आहे: लोड खाली आणताना हँडल उलटं ढकलावं लागतंय का? लागत असेल तर जॅक धरतोय. नुसता हात लावला आणि हँडल पळायला लागलं तर त्या जॅकवर वजन सोडून जाऊ नका.

पण डबल स्टार्टचा स्क्रू असेल तर? स्क्रूच्या टोकाकडून बघा, आट्याची सुरुवात एका ठिकाणी दिसते की समोरासमोर दोन ठिकाणी. दोन असतील तर एका फेऱ्यात ७ नाही, १४ मिमी चढतो, काम पटकन होतं म्हणून लोकांना आवडतो, पण चढ ७ अंशांचा होतो. ग्रीस नसेल तोवर ८.५ च्या आत आहे म्हणून धरतो. ग्रीस लावलं की घर्षणाचा कोन ५.७ आणि आटा सुटला! तरीही असा जॅक कित्येकदा जागचा हलत नाही, आणि त्यामुळेच फसायला होतं, कारण त्याला आटा धरत नसतो, टोपीखालचं घासणं धरत असतं. आटा हँडलच्या टोकाशी दीडेक किलोने उलटं फिरवायला बघतो आणि टोपीचं घर्षण ८ किलोपर्यंत अडवू शकतं.

आणि नेमकं तिथेच फॉरवर्डवाला बेअरिंग टाकायला सांगतोय!! थ्रस्ट बेअरिंग टाकलं की ते ८ किलो जवळजवळ शून्य होतात, चढवताना मस्त हलकं लागतं, वाहवा होते, आणि हात सोडला की हँडल स्वतः फिरायला लागतं. सिंगल स्टार्टला बेअरिंग चालतं, पण मग धरायला फक्त आटा उरतो, आणि शेजारी कॉम्प्रेसर किंवा प्रेस चालू असेल तर हादऱ्याने आटे जरा जरा करत सरकू शकतात. टोपी आणि स्क्रूच्या डोक्यावर मिळून खडूची एक रेघ मारा, खाली घोडी ठेवून लोड उचला, हातोडीने बाजूला हलकं ठोका आणि थोडा वेळ थांबून बघा. रेघ तुटली तर जॅक फिरतोय. खाली शिरायचं असेल तर रेघ तुटो न तुटो, वजन घोडीवर घ्यायचं, जॅकवर नाही.

ज्यांना वाटतं की हलकाही हवा आणि लॉकही हवा, त्यांनी एवढं बघा: आटा स्वतःच्या घर्षणाने धरत असेल तर त्याची एफिशियन्सी ५० टक्क्यांच्या आतच असते. आपल्या जॅकचा नुसता आटा २९ टक्के देतो, टोपी धरून १६. सीएनसी मशीनवरचा बॉल स्क्रू ९० टक्क्यांच्या आसपास देतो, पण तो धरत नाही, म्हणूनच उभ्या अक्षाच्या मोटरला ब्रेक द्यावा लागतो.

राहिली पाचर. तिला घर्षण दोन्ही बाजूंनी लागतं, वर लोडशी आणि खाली जमिनीशी, म्हणून लोड बाजूला सरकू नये असं अडवलं असेल तर जोर येतो:

```
P = W × [tan φ + tan(α + φ)]
```

यात φ म्हणजे घर्षणाचा कोन, α पाचरीचा. तेच ०.१५ घर्षण, २ टन, १० अंशांची पाचर: ९७० किलो. कोन निम्मा करून ५ अंश केला तर ७८०, निम्मा म्हणजे ४८५ नव्हे! कारण घर्षणाचा वाटा कोन कमी केल्याने फारसा कमी होत नाही, आणि उचलली जाणारी उंची मात्र खरंच निम्मी होते, म्हणजे तेवढ्याच उंचीसाठी दुप्पट ठोकत बसा. पाचरीचं लॉकही वेगळं, दोन तोंडं धरतात म्हणून कोन घर्षणकोनाच्या दुपटीच्या आत असला तरी चालतो, इथे १७ अंशांपर्यंत. १० अंशांची पाचर बसली की आपसूक बाहेर येत नाही, काढायलाच अडीचशे किलोच्या आसपास जोर लागतो. पण त्या दोन तोंडांपैकी एकावर जरी तेल सांडलं तरी हिशोब पुन्हा मांडायचा, तिथे दुप्पट नाही, दोन्ही तोंडांच्या घर्षणकोनांची बेरीज घ्यायची.